पंचाण्णव टक्के, पण कशाचे?

कॅनमधल्या थंड पेयांबद्दल आणि बिअरबद्दल एक वाक्य हल्ली सगळीकडे फिरतं. जुना कॅन वितळवून ॲल्युमिनियम मिळवलं, तर खनिजापासून नवं बनवण्याच्या तुलनेत ९५ टक्के ऊर्जा वाचते. जाहिरातीत हे असतं, पर्यावरण दिनाच्या पोस्टरवर असतं, कॅन हातात धरून काढलेल्या रीलमध्येही असतं. आकडा खरा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं भांडण आकड्याशी नाही. तो ज्या बेफिकिरीनं वापरला जातो, तिच्याशी आहे.

आधी तो खरा का आहे ते पाहू. ॲल्युमिनियम जमिनीत धातू म्हणून जवळपास कधीच सापडत नाही. बॉक्साइटमध्ये ते ऑक्सिजनला घट्ट चिकटून बसलेलं असतं. कोल्हापूरच्या सड्यांवरच्या जांभ्यात हेच बॉक्साइट आहे, ओडिशातल्या पंचपतमाळीच्या डोंगरावरही आहे. ही मिठी किती घट्ट? एक किलो ॲल्युमिनियमला ऑक्सिजनपासून तोडायला किमान साडेआठ युनिट ऊर्जा लागते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच युनिट. उलट धातू एकदा मोकळा झालेला असेल, तर त्याच एका किलोला घरातल्या तापमानापासून वितळेपर्यंत तापवायला जेमतेम ०.३ युनिट पुरतं. म्हणजे जवळपास तिसाला एक. कुठल्याही कंपनीनं काढलेला हा आकडा नाही, निसर्गाचाच आहे. म्हणून ‘रिसायकलिंग म्हणजे सगळी थोतांडं’ असं सरसकट म्हणणाऱ्यांचंही इथं काही चालत नाही. प्लॅस्टिकबद्दल त्यांनी जे म्हणायचं ते म्हणावं, ॲल्युमिनियमला ते लागू होत नाही.

प्रत्यक्ष कारखान्यात खर्च याहून वाढतो. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात शिजवून, गाळून आणि मग हजार अंशांच्या आसपास भाजून त्याची पांढरी पूड करतात. ती ॲल्युमिना. एका किलो धातूला दोन किलोच्या आसपास ॲल्युमिना लागते. ती ९६० अंशांच्या वितळलेल्या क्षारात विरघळवून तिच्यातून वीज सोडतात. ऑक्सिजन कार्बनच्या ठोकळ्याला जाऊन मिळतो, ठोकळा झिजत जातो आणि धातू तळाशी साचतो. या एका पायरीवरच किलोमागे १४ युनिटांच्या आसपास वीज जाते, आणि तिच्यातली जवळपास निम्मी नुसतीच उष्णता होऊन उडते. ओडिशात अंगुळच्या कारखान्यासारखी वीज कोळशावर बनवली, तर किलोभर ॲल्युमिनियमच्या मागे दहा किलोच्या आसपास कोळसा जळतो. आइसलँडमध्ये हीच वीज पाण्यावर आणि जमिनीतल्या वाफेवर होते. युनिटं तेवढीच लागतात, कोळसा मात्र लागत नाही.

छोट्या कॅनमध्ये साधारण १३ ग्रॅम धातू असतो. म्हणजे किलोला पंचाहत्तर कॅन धरा. त्या हिशेबानं एका नव्या कॅनच्या धातूसाठी फक्त शेवटच्या पायरीवर गेलेल्या विजेत तुमचा फोन सात-आठ वेळा चार्ज झाला असता.

खाणीपासून सगळं धरलं, वीज बनवताना वाया जाणारी उष्णताही मोजली, तर ॲल्युमिनियम उद्योगाच्या जागतिक संस्थेच्या आकड्यांनुसार एका किलो नव्या धातूला सुमारे ५२ युनिटांइतकी ऊर्जा पडते आणि जुन्यापासून मिळवलेल्याला २.३ युनिटं. ९५ टक्के येतात ते इथून. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हा हिशेब धातूच्या लगडीपाशी थांबतो. त्या लगडीचा पत्रा लाटणं, पत्र्याचा कॅन ओढणं, आतून लाखेचा थर देणं, बाहेरून छापणं, हा खर्च नव्याला आणि जुन्याला सारखाच आहे. त्यात ९५ टक्के काही वाचत नाहीत.

आता भांडणाकडे येतो.

याच आकड्याचा एक चटपटीत अवतार आहे: ‘एका नव्या कॅनच्या ऊर्जेत वीस रिसायकल कॅन बनतात.’ भागाकार बरोबर आहे. पण कॅन ऊर्जेचा बनत नाही, धातूचा बनतो. वीस रिसायकल कॅन बनवायला वीस जुने कॅन हातात यावे लागतात, आणि खरं तर वीसांहून जास्त. ते आले कुठून, कोणी आणले, वाटेत किती गळाले, याबद्दल हे वाक्य चकार शब्द काढत नाही. सगळी मेख तिथंच आहे.

भट्टीतल्या घटीपासून सुरुवात करू. कॅनची भिंत एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते, कागदाच्या जातीची. वजनाच्या मानानं पृष्ठभाग प्रचंड, आणि त्यावर आतून लाख, बाहेरून शाई. असा पत्रा उघड्या ज्वाळेखाली टाकला की वितळण्याआधीच त्यातला काही भाग जळतो. जळणं म्हणजे काय? ज्या ऑक्सिजनपासून आपण त्याला साडेआठ युनिटं मोजून सोडवलं होतं, त्यालाच तो पुन्हा जाऊन चिकटतो. कॅनच्या धातूत थोडं मॅग्नेशियम असतं, विशेषतः झाकणात. ते तर आधी जळतं. चांगल्या कारखान्यात म्हणून कॅनचा चुरा करतात, वितळणार नाही इतक्याच उष्णतेत त्यावरची लाख आणि शाई जाळून काढतात, आणि मग तो चुरा आधीच वितळलेल्या धातूत बुडवतात, म्हणजे त्याला हवा लागत नाही. गल्लीतल्या छोट्या भट्टीत मुशीत कॅन जसेच्या तसे कोंबले जातात. वर राखाडी साय धरते, तिला ड्रॉस म्हणतात. ती झाऱ्यानं काढून बाजूला टाकली आणि तो ढीग आतून पांढरा-लाल धुमसत राहिला, तर समजावं की आत धातू होता आणि तो आता जळतोय. याहून पक्की खूण वजनकाट्याची. आत किती टाकलं आणि लगड किती निघाली, दोन्ही मोजा.

आता हिशेब करा. एका किलोतला एक टक्का धातू जळाला, म्हणजे दहा ग्रॅम, तर तेवढा नवा घालायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त ऊर्जा लागते. किलोभर धातू वितळवण्याचा सगळा खर्च आहे २.३ युनिटं. म्हणजे फक्त साडेचार टक्के घट आली की वितळवण्याचा खर्च दुप्पट झाल्यासारखाच आहे. भट्टीत इंधन किती जळालं याची जेवढी काळजी करतो, त्याहून जास्त धातू किती जळाला याची करायला हवी.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. यातली टक्केवारी मी मानलेली आहे, तुम्ही आपल्या गावची घालून पाहा. पंचाहत्तर कॅन विकले गेले, म्हणजे एक किलो धातू. समजा त्यातले पंधरा गटारात, समुद्रकिनाऱ्यावर किंवा ओल्या कचऱ्याबरोबर डंपिंगवर गेले. उरलेले साठ, ८०० ग्रॅम, भट्टीपर्यंत पोचले. तिथं दहा टक्के घट आली आणि ७२० ग्रॅम लगड निघाली. पुन्हा पंचाहत्तर कॅन करायचे तर २८० ग्रॅम नवा धातू घालावा लागेल. जुन्यावर खर्च १.७ युनिटं, नव्यावर १४.५. एकूण १६ युनिटांच्या वर. सगळाच्या सगळा नवा धातू वापरला असता तर ५२ लागली असती. म्हणजे बचत ६९ टक्के. वाईट मुळीच नाही. पण ९५ कुठे आणि ६९ कुठे?

त्या १६ युनिटांची फोड पाहिली की सुधारणा कुठे करायची तेही दिसतं. भट्टी बदलून इंधन निम्म्यावर आणलं तर एक युनिटही वाचत नाही. तेच, वाटेत गळालेले पंधरा कॅन परत आणले तर नऊच्या आसपास युनिटं वाचतात. ही नऊ युनिटं वाचवणारं यंत्र म्हणजे कचरावेचक बाई. किलोभर भरायला तिला पंचाहत्तर वेळा वाकावं लागतं. तिला पैसे मिळतात ते भंगाराच्या वजनाचे, आणि कॅन चिखलानं भरलेले असले तर भंगारवाला त्यातही कापतो. कॅनवर ९५ टक्के छापून शाबासकी घेतो तो पेय विकणारा. त्या टक्क्यांतलं एक टक्कासुद्धा त्यानं वाचवलेलं नसतं. ब्राझीलमध्ये ९५ टक्क्यांहून जास्त कॅन परत येतात आणि अमेरिकेत निम्म्याहून कमी. धातू दोन्हीकडे तोच आहे, भट्ट्याही सारख्याच. फरक पडतो तो कॅन उचलणाऱ्या हातांचा आणि त्यांना मिळणाऱ्या दामाचा.

‘अमर्याद वेळा रिसायकल होतो’ हे त्याच्या जोडीचं वाक्य. वर मानलेली घट आणि गळती प्रत्येक फेरीला धरा, तर पहिल्या किलोतले पाचव्या फेरीनंतर दोनशे ग्रॅमही उरत नाहीत. शिवाय परत आलेला प्रत्येक कॅन पुन्हा कॅन होतोच असं नाही. इतर भंगाराबरोबर तो वितळला की त्यात लोखंड, सिलिकॉन मिसळतं. त्या धातूचे गाडीच्या इंजिनाचे भाग ओतता येतात, पण कॅनचा पातळ पत्रा त्यातून लाटता येत नाही. इंजिनाचं ठीक आहे, तिथं धातू धातूच राहतो. पण भंगार ॲल्युमिनियमचे तुकडे पोलाद कारखान्यातही जातात, वितळलेल्या पोलादातला ऑक्सिजन शोषून घ्यायला. तिथं ते जाणूनबुजून जाळलेच जातात, आणि अंगुळला कोळसा जाळून तोडलेली मिठी पुन्हा जुळते. ते काम महत्त्वाचं आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्याला ‘अमर्याद’ म्हणू नका.

म्हणून पेयं विकणाऱ्यांना माझं सांगणं आहे: टक्का छापू नका, वजनं छापा. गेल्या वर्षी आमच्या कॅनमधून इतके टन ॲल्युमिनियम बाजारात गेलं, त्यातलं इतकं परत गोळा झालं, आणि त्याचा पुन्हा कॅनचा पत्रा झाला तो इतका. तीन आकडे. वितळवण्यातली घट त्यात आपोआप दिसेल, गटारात गेलेलंही दिसेल. आणि प्रत्येक कॅनमागे परतीचं डिपॉझिट ठेवा, जे कॅन आणून देणाऱ्याच्या हातात रोख पडेल, मग तो पिणारा असो की वेचणारी.

पिणाऱ्यांसाठी एवढंच: कॅन पूर्ण रिकामा करा, त्यात सिगारेटची थोटकं किंवा वाळू भरू नका, आणि थोडं पेय आत ठेवून तो चेपून बंद करू नका. चेपलेल्या कॅनमध्ये अडकलेलं पाणी वितळलेल्या धातूखाली गेलं की क्षणात त्याची वाफ होते, आणि भट्टीतला सातशे अंशांचा धातू समोर उभ्या माणसाच्या अंगावर उडतो.