शेवटच्या सहा उमेदवारांची पाच मिनिटे

भरती झाली की आपण विचारतो, समितीत कोण होते, निवड झालेला कुणाचा नातेवाईक आहे, बिंदुनामावली पाळली का? हे विचारलेच पाहिजे. पण एक कागद आपण मागतच नाही. कोणता उमेदवार किती वाजता आत गेला आणि किती वाजता बाहेर आला, याची नोंद. आमचे म्हणणे असे की, बिंदुनामावली बरोबर असूनही संधी हिरावली जाऊ शकते, आणि ती या कागदावर दिसते.

सहायक प्राध्यापकाचेच घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीने शैक्षणिक गुण केवळ यादी लहान करण्यापुरते ठेवले आणि निवड फक्त मुलाखतीवर सोपवली. म्हणजे नेट, पीएच.डी., शोधनिबंध, ही सगळी वर्षे दाराबाहेर राहतात. आत उरतात ती मोजकी मिनिटे.

आता समजा, छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या महाविद्यालयात एका दिवशी १६ उमेदवार बोलावले. प्रत्येकी २० मिनिटे. साडेदहा ते एक वाजून दहापर्यंत आठ जण, मग जेवण, दोन ते चार चाळीस उरलेले आठ. कागदावर सगळे बसते. प्रत्यक्षात बाहेरगावचे विषयतज्ज्ञ उशिरा पोहोचतात आणि काम १०.५० ला सुरू होते. प्रत्येक मुलाखतीनंतर सदस्य गुण लिहितात, कागदपत्रे पाहतात. त्यात पाच मिनिटे जातात, पण ती वेळापत्रकात धरलेलीच नसतात. म्हणून १.२० पर्यंत सहाच जण होतात. जेवणानंतर २.१० ला सुरुवात. ३.५० पर्यंत आणखी चार, मग दहा मिनिटे चहा. चार वाजले, सहा उमेदवार बाकी, आणि तज्ज्ञांना पाचला निघायचे आहे. तज्ज्ञ उठले तर गणपूर्तीचा प्रश्न येतो. मग एका तासात सहा जण, म्हणजे प्रत्येकी दहा मिनिटे. त्यातली पाच नोंदीची. पहिल्या दहांना २० मिनिटे बोलायला मिळाली, शेवटच्या सहांना पाच.

यात कुणी जातीवरून काही बोलले नाही. तरीही विचारा, हे शेवटचे सहा कोण? यादी प्रवर्गानुसार लावली असेल, आधी खुला आणि खाली अनुसूचित जाती-जमाती, तर उत्तर आधीच ठरलेले आहे. किनवटहून रात्रभर एसटीने आलेली, सकाळी दहापासून व्हरांड्यात बसलेली मुलगी चार वाजता आत जाते, आणि तिला फक्त नाव, गाव, वडील काय करतात एवढेच विचारले जाते. विषयाचा प्रश्न येण्याआधी वेळ संपतो. नाव आणि गाव एवढ्यावरून समितीला काय कळते, हे आपल्याला सांगायला नको.

हे सर्वोच्च न्यायालयातही मांडले गेले आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाच्या अजय हासिया खटल्यात उमेदवारांची तक्रार हीच होती की, मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली आणि प्रश्न आईवडील व राहण्याचे ठिकाण यांवरच होते. लेखी परीक्षेला १०० गुण, मुलाखतीला ५०. नोव्हेंबर १९८० च्या निकालात न्यायालयाने मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त वजन देणे मनमानी ठरवले आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व्हावे असे सुचवले. ते प्रकरण प्रवेशाचे होते, नोकरीचे नव्हते. पण इतक्या थोड्या वेळात गुणवत्ता मोजता येत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

उपाय खर्चिक नाही. २० मिनिटे मुलाखत आणि पाच मिनिटे नोंद, असा २५ मिनिटांचा टप्पा धरा. दर तीन उमेदवारांनंतर १५ मिनिटे मोकळी सोडा. साडेदहा ते सव्वा एक सहा जण, दोन ते पावणेपाच सहा जण. दिवसाला बारा. उरलेल्या चौघांना दुसऱ्या दिवशीचेच पत्र द्या. उशीर झाला तर तो मोकळ्या वेळेतून भरून काढायचा, पुढच्या उमेदवाराच्या मिनिटांतून नाही. तोही पुरला नाही, तर शेवटच्याची मुलाखत दुसऱ्या दिवशी घ्यायची आणि त्याचा मुक्कामाचा खर्च संस्थेने द्यायचा. क्रम मात्र पत्रे पाठवण्याआधी चिठ्ठ्या टाकून ठरवायचा.

मोकळी वेळ ठेवणे म्हणजे तज्ज्ञांचा वेळ वाया घालवणे, असे प्राचार्य म्हणतील. वेळ वाया जातोच. प्रश्न एवढाच की तो कुणाचा जावा. आज तो शेवटच्या उमेदवाराचा जातो.

मित्रांनो, पुढच्या भरतीआधी अर्ज द्या: दारावर वही ठेवा, आत जाण्याची आणि बाहेर येण्याची वेळ लिहा, उमेदवाराची सही घ्या. भरतीनंतर माहिती अधिकारात त्या वहीची प्रत मागा. पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच उमेदवारांची मिनिटे शेजारी-शेजारी मांडा. फरक निम्म्याहून मोठा असेल, तर आक्षेप घ्यायला आपल्या हातात आकडा असेल, नुसता संशय नाही.

जय भीम.