शून्य क्लॅश म्हणजे नक्की काय?

"आमच्या मॉडेलमध्ये आता शून्य क्लॅश!" असं कुणी मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं की मला विचारावंसं वाटतं, "बरं, पण तपासलं काय काय?" सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या टेस्ट हिरव्या दिसल्या की आपण आधी टेस्ट आहेत तरी किती ते बघतो. एकही टेस्ट लिहिली नसेल तर सगळं हिरवंच दिसणार ना! मी मूळचा कोडवाला. पुण्यात बसून बीआयएमवाल्या मंडळींसाठी प्लगइन लिहितो, त्यामुळे त्यांची मॉडेल्स आणि त्यांची भांडणं दोन्ही जवळून बघायला मिळतात. आणि माझं मत असं झालंय की बहुतेक भांडणं मॉडेलमुळे होत नाहीत. ती होतात मॉडेलच्या आधी लिहायच्या एका कागदामुळे, म्हणजे बीआयएम एक्झिक्युशन प्लॅनमुळे. बीईपी म्हणतात त्याला.

ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इमारतीत एसीचे डक्ट, पाण्याचे पाइप, केबल ट्रे, स्प्रिंकलर असा सगळा पसारा फॉल्स सीलिंगच्या वर दडवलेला असतो. प्रत्येकाचं मॉडेल वेगळी टीम करते. मग ती मॉडेल्स एकत्र आणून, नॅव्हिसवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये कोण कुणात घुसतंय ते शोधायचं. हे घुसणं म्हणजे क्लॅश. कुणी, कधी, किती खोलवर मॉडेल करायचं, कशाशी काय तपासायचं आणि फाइली कशा द्यायच्या-घ्यायच्या, हे ठरवणारा कागद म्हणजे बीईपी. बऱ्याचदा हा कागद मागच्या प्रोजेक्टवरून कॉपी-पेस्ट होतो, इमारतीचं नाव तेवढं बदलतं (ते तरी बदलावं ही अपेक्षा!).

आता एलओडी हा प्रकार बघा. लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट. अमेरिकन आर्किटेक्ट्सच्या संघटनेने, म्हणजे एआयएने, २००८ साली १०० ते ५०० अशा पायऱ्या ठरवल्या. पुढे २०१३ पासून बीआयएमफोरमने त्याचा तपशील छापायला सुरुवात केली आणि ३५० ही मधली पायरी घातली, खास वेगवेगळ्या सर्व्हिसेसचा मेळ बसवण्यासाठी. ढोबळमानाने सांगायचं तर २०० म्हणजे 'इथे साधारण एवढा डक्ट जाईल'. ३०० म्हणजे डिझाइनमधलं नेमकं माप आणि नेमकी जागा. ३५० म्हणजे त्याचे सपोर्ट, जोड, आजूबाजूच्या वस्तूंशी जिथे जिथे संबंध येतो ते सगळं.

इथे लोक दोन गोष्टींत गल्लत करतात. एक म्हणजे एलओडी हा चित्र किती सुंदर दिसतंय याचा आकडा नाही, त्या वस्तूवर किती भरवसा ठेवायचा याचा आहे. आणि दुसरं, तो प्रत्येक वस्तूचा असतो, अख्ख्या मॉडेलचा नसतो. 'मॉडेल एलओडी ३०० चं द्यावे' हे वाक्य बीईपीत दिसलं की समजावं, लिहिणाऱ्याने विचार केलेला नाही. कारण एकाच आठवड्यात मुख्य डक्ट ३०० वर असतो आणि ड्रेनचा पाइप अजून २०० वर. दोघांची टक्कर तपासून निघालेल्या उत्तरावर भरवसा ठेवायचा तर कमी भरवशाच्या वस्तूइतकाच ठेवता येतो.

हे नुसतं तत्त्वज्ञान वाटेल, म्हणून एक हिशेब करू. ऑफिसच्या इमारतीतला एक कॉरिडॉर घ्या, २ मीटर रुंदीचा. मजल्याची उंची ३९०० मिमी. वरच्या मजल्याचं फ्लोअरिंग ५० आणि स्लॅब धरून बीम ६००, म्हणजे बीमचा तळ आपल्या जमिनीपासून ३२५० वर. आर्किटेक्टला सीलिंग २६०० वर हवंय. मध्ये उरले ६५०. सीलिंगची फ्रेम आणि दिवे यांना १०० सोडले की हातात ५५० मिमी.

त्यात ताज्या हवेचा डक्ट, ६०० बाय ३००. वर-खाली २५-२५ चं इन्सुलेशन, म्हणजे उंची झाली ३५०. खालचा सपोर्ट चॅनेल आणि थोडी फट मिळून ५० धरा. ४०० गेले, १५० उरले. डक्टच्या बाजूला चिल्ड वॉटरचे दोन पाइप, केबल ट्रे आणि स्प्रिंकलरची मुख्य लाइन बसली की रुंदी संपली. मग एसीच्या एफसीयूंमधून ठिबकणारं पाणी नेणारा ड्रेन कुठे? डक्टच्या खाली. इन्सुलेशनसकट त्याचा व्यास ६० मिमी. १५० मध्ये ६०, म्हणजे ९० मिमी शिल्लक! क्लॅश रन करा, शून्य. सगळे खूश.

पण २०० च्या पातळीवर हा पाइप सपाट काढलेला आहे. आणि पाणी काही मॉडेल बघून वाहत नाही, त्याला उतार लागतो. १:१०० उतार धरला तर दर मीटरला पाइप १० मिमी खाली येणार. शिल्लक ९० मिमी, म्हणजे नवव्या मीटरला पाइप सीलिंगच्या फ्रेमला टेकला. शाफ्ट आहे २० मीटरवर. उरलेल्या ११ मीटरमध्ये तो आणखी ११० मिमी खाली जाणार, म्हणजे फ्रेम आणि दिव्यांसाठी सोडलेले १०० ओलांडून थेट सीलिंगच्या खाली! आणि हे कळणार कधी? डक्ट टांगून झाल्यावर, प्लंबर लेव्हल लावून उभा राहील तेव्हा. मग सीलिंग खाली घ्या, नाहीतर उतार मारा आणि पुढची काही वर्षं सीलिंगवर पिवळे डाग बघत बसा.

यावर उपाय आहे, आणि तो कागदावर असताना फुकट आहे. चिल्ड वॉटरचे दोन पाइप शेजारी-शेजारी न ठेवता एकावर एक घ्यायचे. इन्सुलेशनसकट प्रत्येकी १९० मिमी धरले तर दोन मिळून ३८०, सपोर्टसकट ५५० मध्ये बसतात. बाजूला जागा मोकळी होते आणि ड्रेन डक्टच्या शेजारून जातो. खोल्यांतले एफसीयू स्लॅबलगत टांगलेले असतील तर त्याला २० मीटरचा २०० मिमी उतार आरामात मिळतो. डक्टच्या फांद्या कुठून ओलांडायच्या ते पाहावं लागेल, पण तो सुटणारा प्रश्न आहे. यासाठी बीईपीत फक्त एक ओळ हवी होती: 'पहिल्या समन्वय तपासणीआधी गुरुत्वाकर्षणावर चालणारे सगळे पाइप खऱ्या उतारासह एलओडी ३०० वर, बाकी काही २०० वर असलं तरी चालेल.'

यातूनच क्लॅशचे नियम निघायला हवेत. कुणी हलायचं याचा क्रम लिहून ठेवायचा: उताराचे पाइप सगळ्यात हट्टी, ते हलणार नाहीत. मग मोठे डक्ट, मग मोठे पाइप, मग ट्रे, आणि शेवटी स्प्रिंकलरच्या फांद्या आणि कॉन्ड्युट. असा क्रम नसेल तर मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याचा पाइप सरळ जातो. शिवाय 'कशाशी काय' हेही टप्प्यानुसार ठरायला हवं. सुरुवातीलाच पाइप विरुद्ध पार्टिशनची भिंत अशी टेस्ट लावली तर भिंतीतून जाणारा प्रत्येक पाइप क्लॅश म्हणून येणार, कारण भोकं अजून मॉडेलच केलेली नाहीत. हजारभर क्लॅशची यादी बघून माणूस ती वाचणंच सोडून देतो. बीम आणि आरसीसी भिंतींची टेस्ट मात्र पहिल्या दिवसापासून हवी, कारण काँक्रीट ओतल्यावर भोक पाडणं म्हणजे कोअर कटिंग, आणि बीममध्ये ते करायला स्ट्रक्चरल इंजिनिअर सहजासहजी हो म्हणणार नाही (म्हणूही नये).

आणि नियम अगदी नेमका लिहायचा. असा:

```
Test : DUCT_vs_BEAM
Set A: Ducts, Duct Fittings, Duct Insulations
Set B: Structural Framing
Type : Hard, Tolerance 10 mm
```

यातलं `Duct Insulations` नीट बघा. रेव्हिटमध्ये डक्टचं इन्सुलेशन ही वेगळी कॅटेगरी आहे. नियमात नुसतं `Ducts` लिहिलं तर आपण नागडा पत्राच तपासतो आणि ते २५ मिमी हवेत विरतात. याउलट, न दिसणारी जागासुद्धा तपासावी लागते. स्विचबोर्डसमोर किमान १ मीटर मोकळी जागा हवी असा आपल्याकडचा वीजसुरक्षेचा नियम आहे. ती जागा मॉडेलमध्ये पारदर्शक डबा म्हणून ठेवली नाही तर तिथून पाइप खुशाल जाईल आणि एकही क्लॅश येणार नाही.

शेवटचा मुद्दा फाइलींच्या देवाणघेवाणीचा, आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा. नॅव्हिसवर्क्समध्ये मागच्या रनला सापडलेला क्लॅश या रनला सापडला नाही की तो आपोआप `Resolved` होतो. छान! पण तो का सापडला नाही? पाइप हलवला म्हणून, की एक्सपोर्ट करताना तो पाइप असलेला वर्कसेटच बंद होता म्हणून? सॉफ्टवेअरला दोन्ही सारखंच. फेल होणारी टेस्ट डिलीट करून बिल्ड हिरवा करण्यातला हा प्रकार. तसंच, मॉडेलरने डक्ट हलवण्याऐवजी पुसून नवा काढला तर त्याचा आयडी बदलतो. जुना क्लॅश `Resolved`, तोच क्लॅश पुन्हा `New`, आणि त्यावर तीन आठवडे झालेली चर्चा जुन्या नोंदीबरोबर गेली.

म्हणून बीईपीत एवढं तरी हवंच: आठवड्यात मॉडेल कोणत्या वारी, किती वाजता गोठवायचं, एक्सपोर्टची सेटिंग एकच आणि ती सगळ्यांना फाइल म्हणून दिलेली, पुसून नव्याने काढायचं नाही, आहे तेच हलवायचं, आणि प्रत्येक फाइलबरोबर वस्तूंची मोजणी. मागच्या आठवड्यात डक्टचे ४१२ तुकडे होते आणि आज ३५० असतील, तर क्लॅश बघायच्या आधी ते ६२ कुठे गेले ते विचारायचं. हे तपासायला दहा ओळींची स्क्रिप्ट पुरते.

"अरे, एवढं सगळं लिहीत बसलो तर काम कधी करणार?" असं मला एका सीनियरने ऐकवलं होतं. त्यांचा मुद्दा अगदीच चूक नाही. साठ पानी बीईपी कुणी वाचत नाही, मीही नाही. पण त्या साठ पानांत बहुतेक संस्थेची ओळख आणि व्याख्या असतात. मला हवीत ती तीन पानं: कोणती वस्तू कोणत्या तारखेला कोणत्या एलओडीवर, कशाची कशाशी टेस्ट आणि हलायचं कुणी, आणि फाइल कशी द्यायची. आणि क्लॅशच्या आकड्यावरून टीमची प्रगती मोजणं बंद करा. आकडा कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग कमी तपासणं हाच असतो, आणि डेडलाइन जवळ आली की माणूस सोपा मार्ग धरतो. वरच्या कॉरिडॉरमध्येही क्लॅश शून्यच होते.