व्यवहार-विचार : साखळीत नव्याने येणाऱ्यास पत्र

माहीमच्या एका पेढीचे उदाहरण घेऊ. तारापूरच्या एका लघुउद्योगाकडून पुठ्ठ्याची ५,००० खोकी घ्यायची होती. महिनाभरात दोन्ही बाजूंच्या ३४ ईमेलांची साखळी झाली. पुढे हिशेब पाहण्यासाठी पुतण्याला तीत सामील केले. त्याने मधलेच एक पत्र वाचले, त्यात पैसे देण्याची मुदत ६० दिवस होती. त्यानुसार त्याने वहीत नोंद केली. ती मुदत मात्र पुढच्या पत्रांत बदलली होती.

म्हणून काकांनी त्याच साखळीत, कारखानदारासही पोचेल असे पत्र पाठविले :

“चिरंजीव, जय जिनेंद्र. १५ जूनपर्यंतचा सारांश देतो. मागील पत्रे वाचण्याची गरज नाही.

ठरले :
१) दर १८ रुपये प्रतिखोके, जीएसटी वेगळा; माहीमच्या गोदामापर्यंतचे भाडे कारखान्याकडे. (५ जून)
२) माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे. (९ जून) १२ मेच्या पत्रातील ६० दिवस रद्द.

बाकी :
१) ओलसर निघालेली खोकी परत करण्याची मुदत : आपण ७ दिवस मागतो, कारखाना ३ म्हणतो. निर्णय मी व कारखानदार, २० जूनपर्यंत.
२) छपाईचा नमुना : कारखान्याकडून १८ जूनला येईल, तपासून मान्यता तू द्यावीस.

यात चूक असल्यास सर्वांनी उद्यापर्यंत कळवावे.”

या पत्राचे मर्म ‘रद्द’ या शब्दात आहे. नवागतास केवळ अंतिम निर्णय सांगून भागत नाही. जुना निर्णय त्याच्या डोळ्यांसमोर पडलेलाच असतो. येथे तर कायद्याचाही प्रश्न होता. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराशी कराराने ठरविलेली मुदतही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागते. म्हणूनच मुदत बदलली होती.

बाकी मुद्द्यापुढे तीन गोष्टी हव्यात : अडले कशावर, निर्णय कोणाचा, केव्हापर्यंत. ‘चर्चा चालू आहे’ एवढेच लिहिल्यास ते काम कोणाचेच राहत नाही. ठरलेल्या व बाकी बाबी एकाच परिच्छेदात मिसळल्या, तर ७ दिवसांची केवळ मागणीही मान्य अट समजली जाते.

एक सावधगिरी आवश्यक आहे. ईमेलखाली जुनी पत्रे आपोआप जोडलेली राहतात. ‘२० रुपयांपर्यंत देऊ’ असे घरातले बोलणे त्यांत असेल, तर ते समोरच्या हाती पडते. अशा वेळी साखळी पुढे न पाठविता सारांशाचे नवे पत्रच लिहावे.

पत्र साधले की नाही, हे पहिल्या उत्तरावरून कळते. पुतण्याने लिहिले, “४५ दिवसांची नोंद केली, नमुना १८ तारखेस पाहतो.” त्याने ६० दिवसांविषयी विचारले असते, तर उणीव सारांशात ठरली असती.