विश्लेषण : चॅनलचे नाव बदलले, मग जुन्या व्हिडिओंचे काय?

यूट्यूब चॅनलचे नाव बदलणे हे दोन मिनिटांचे काम आहे. चौदा दिवसांत दोनदा नाव बदलण्याची मुभा यूट्यूब देते आणि नवे नाव सगळ्या जुन्या व्हिडिओंखाली आपोआप झळकते. अडचण सुरू होते ती त्यानंतर. शीर्षकांत, वर्णनांत, प्लेलिस्टमध्ये आणि हॅशटॅगमध्ये हाताने लिहिलेले जुने नाव तसेच राहते. ते एका फटक्यात पुसून टाकण्याचा मोह बहुतेकांना होतो आणि सर्वाधिक गोंधळ त्यातूनच होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पाककृतींचे एक चॅनल आहे, नाव ‘फोडणी’. चार वर्षांत तीनशे व्हिडिओ झाले. आता त्यावर शेतीचे व्हिडिओही येऊ लागले, म्हणून मालकांनी नाव ठेवले ‘शिवार’. जुन्या शीर्षकांचा साचा ठरलेला : ‘भरली वांगी | फोडणी’, ‘फोडणीचा भात | फोडणी’.

आधी काय बदलावे?

सर्वांत तातडीची गोष्ट शीर्षक नव्हे, तर हँडल. @ या चिन्हाने सुरू होणारा चॅनलचा हा पत्ता नावापेक्षा वेगळा असतो. एकाच नावाची अनेक चॅनले असू शकतात, हँडल मात्र एकाचेच असते. ते बदलल्यावर जुने हँडल यूट्यूब चौदा दिवस राखून ठेवते आणि तेवढ्या काळात जुना दुवाही चालतो. त्यानंतर तो चालेलच याचा भरवसा नाही, शिवाय ते हँडल दुसरे कोणी घेऊ शकते. म्हणजे तीनशे व्हिडिओंच्या वर्णनात ‘आमचे चॅनल येथे पाहा’ म्हणून दिलेला दुवा उद्या भलत्याच्याच घरी नेऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले संदेश आणि मसाल्याच्या पाकिटावर छापलेला क्यूआर कोड यांचेही तेच. youtube.com/channel/UC अशी सुरुवात असलेला चॅनलचा मूळ पत्ता मात्र नाव आणि हँडल बदलूनही कायम राहतो. छापील वस्तूंवर पहिल्यापासून तोच द्यायला हवा.

व्हेरिफाइड चॅनलच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाव बदलले की ही खूण जाते आणि नव्याने अर्ज करावा लागतो. केवळ हँडल बदलल्याने ती जात नाही.

‘शिवारचा भात’ कसा तयार होतो?

संगणकावर यूट्यूब स्टुडिओत अनेक व्हिडिओ निवडून त्यांची शीर्षके आणि वर्णने एकत्र बदलता येतात. त्यात शोधा आणि बदला, म्हणजे ‘फाइंड अँड रिप्लेस’, हा पर्यायही आहे. ‘फोडणी’ शोधून तिथे ‘शिवार’ टाकले, तर ‘भरली वांगी | शिवार’ ठीक होते. पण त्याच झटक्यात ‘फोडणीचा भात’ हा ‘शिवारचा भात’ होऊन बसतो आणि ‘वरणाला लसणाची फोडणी’चेही तेच होते. असा पदार्थ कोणी शोधत नाही. परिणामी, शोधातून रोज प्रेक्षक आणणारा व्हिडिओ अचानक कोरडा पडू शकतो.

मराठीत हा धोका अधिक आहे. विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि लिंगाप्रमाणे विशेषण बदलते. ‘आपली फोडणी’ची यंत्रवत अदलाबदल केली की ‘आपली शिवार’ उरते. व्हावे ‘आपलं शिवार’. यंत्राला व्याकरणाशी देणेघेणे नाही.

उपाय साधा आहे. शोधायचा मजकूर जितका लांब आणि नेमका, तितकी चूक कमी. एकटा शब्द न शोधता उभ्या रेघेसह ‘| फोडणी’ शोधावे. हँडलचा दुवा बदलताना तो पूर्ण लिहून शोधावा. पहिला प्रयोग पाच व्हिडिओंवर करून निकाल डोळ्यांनी वाचावा. कारण एकत्र केलेला बदल ‘मागे घ्या’ म्हणून परत येत नाही. बदल सुरू होण्यापूर्वी स्टुडिओ चौकटीत खूण करून संमती मागतो ती त्यासाठीच. गुगल टेकआउटमधून चॅनलची माहिती आधी उतरवून घेतली, तर जुनी शीर्षके निदान हाताशी राहतात.

पण मुळात तीनशे शीर्षके बदलायची गरज आहे का? बहुतेक वेळा नाही. शीर्षकाखाली चॅनलचे नवे नाव दिसतच असते, ते शीर्षकात पुन्हा कशाला? ज्या वीस-पंचवीस व्हिडिओंवर आजही प्रेक्षक येतात, तेवढ्यांतून ‘| फोडणी’ काढून टाकावे. तिथे ‘| शिवार’ घालू नये. पुढच्या वेळी नाव बदलले तर पुन्हा हेच काम उरत नाही. बाकीची शीर्षके तशीच राहिली तर बिघडत नाही. व्हिडिओच्या सुरुवातीला ‘नमस्कार, फोडणीमध्ये स्वागत’ हे वाक्य तरी कुठे बदलणार? त्याच दुव्यावर नवा व्हिडिओ चढवता येत नाही. तिथे वर्णनातली एक ओळ पुरेशी आहे : ‘हे चॅनल पूर्वी फोडणी या नावाने होते.’

प्लेलिस्ट आणि हॅशटॅग

प्लेलिस्टचे नाव बदलले तरी तिचा दुवा बदलत नाही. म्हणून नाव बदलावे, जुनी उडवून नवी करू नये. उडवली की लोकांनी जपून ठेवलेला आणि पुढे पाठवलेला प्रत्येक दुवा मरतो. ‘फोडणी : दिवाळी फराळ’ या यादीचे नाव नुसते ‘दिवाळी फराळ’ केले की झाले. पाककृती आणि शेतीच्या याद्या मात्र वेगळ्या ठेवाव्यात. चकलीनंतर ठिबक सिंचन सुरू झाले तर बघणारा उठून जाईल.

हॅशटॅगमध्ये उलटे करावे, म्हणजे जुना काढू नये. #फोडणी वर बोट ठेवणाऱ्याला त्या हॅशटॅगचे व्हिडिओ एकत्र दिसतात. तो पुसला तर जुना प्रेक्षक तिथे पोहोचेल, पण चॅनल सापडणार नाही. वर्णनाच्या शेवटी #शिवार जोडावा आणि #फोडणी काही महिने राहू द्यावा. शिवार हा शब्दही सर्रास वापरातला आहे, त्यामुळे तिथे इतरांचीही गर्दी असेल. #शिवारातलीफोडणी असा जोडशब्द अधिक ओळखीचा ठरेल. मध्ये जागा सोडली की हॅशटॅग तिथेच तुटतो. हौसेने ढीगभर टाकू नयेत. शीर्षकापाशी जास्तीत जास्त तीनच दिसतात आणि एका व्हिडिओवर साठहून अधिक झाले तर यूट्यूब सगळेच दुर्लक्षित करते.

सबस्क्राइबर गोंधळले हे कसे कळावे?

नाव बदलल्याची वेगळी सूचना यूट्यूब सबस्क्राइबरना पाठवत नाही. त्यांना एवढेच दिसते की ‘शिवार’ नावाचे कोणीतरी आपल्या यादीत आले आहे. ‘हे मी कधी घेतले?’ म्हणत अनेक जण बाहेर पडतात. म्हणून नाव आणि चित्र एकाच दिवशी बदलणे हा मोठा धोका आहे. नाव बदलले तरी जुना गोल फोटो महिनाभर ठेवावा, लोक मजकुराआधी चित्र ओळखतात.

अ‍ॅनालिटिक्समध्ये दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गमावलेल्या सबस्क्राइबरचा रोजचा आकडा नाव बदलण्याआधीच्या महिन्याच्या तुलनेत किती आहे. दुसरी, यूट्यूब शोधातून येणारे प्रेक्षक कोणते शब्द टाइप करून आले. त्या यादीत ‘फोडणी चॅनल’ वरच्या जागी असेल, तोवर जुने नाव वर्णनात आणि हॅशटॅगमध्ये राहू द्यावे. ते यादीत खाली घसरले आणि ‘शिवार चॅनल’ वर आले की ‘पूर्वी फोडणी’ ही ओळ काढायला हरकत नाही.