सोळानंतर कुठे जायचे?

आमच्या वहिनींनी साठी उलटल्यावर गाण्याचा क्लास लावला. आवाज गोड, भजने शेकड्यांनी पाठ. पण ताल म्हटला की त्यांचे हातपाय गार पडत. क्लासात बाकी सगळी शाळकरी पोरे. "भाऊजी, त्या चिमुरड्यांपुढे पुन्हा पुन्हा विचारायची लाज वाटते हो! येत्या महिन्यात नाही जमले तर क्लास सोडणार," असे त्यांनी फोनवर सांगितले, तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "मी व्हिडिओ करून पाठवतो. स्वयंपाकघरात बसून शिका."

कॉलेजात असताना चार वर्षे तबल्यावर बोटे आपटली होती, त्या भांडवलावर ही ऐट! चिरंजीवांच्या हाती मोबाइल दिला, मांडी घातली आणि त्रिताल सुरू केला. मात्रा सोळा, चार-चारांचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी. नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न देता तळवा वर करून हात बाजूला न्यायचा. मधल्या मात्रा अंगठ्याने बोटांवर मोजायच्या. एकपासून सोळापर्यंत म्हटले, "झालं!" म्हणालो आणि व्हिडिओ पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन. "सगळे कळले. पण सोळा मोजून झाल्यावर मी कुठे जाऊ?"

मी निरुत्तर झालो. त्यांना भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर मोजायला लावले. एका सेकंदाला एक मात्रा धरली, तर दुसऱ्या आवर्तनाची पहिली टाळी बरोबर सोळा सेकंदांनी पडायला हवी. वहिनींची अठराव्या सेकंदाला पडली. सोळा म्हणून त्या थांबत, श्वास घेत आणि मग 'एक' म्हणत. सोळा मात्रांचा त्रिताल त्यांच्या घरी अठरा मात्रांचा झाला होता, आणि याला कारण माझे ते 'झालं!' आवर्तन सोळावर संपत नाही. ते पुढच्या 'एक'वर, समेवर, येऊन टेकते. दुसऱ्या व्हिडिओत मी दोन आवर्तने सलग घेतली आणि शेवटी सोळानंतर 'एक' म्हणून टाळी देऊनच थांबलो.

आता तबल्याचे बोलही म्हटले: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. त्यातून नवीच अडचण निघाली. वहिनी तेरावी टाळी विसरू लागल्या. त्यांचे कान खरे तर शाबूत होते. डाव्याचा घुमारा दहाव्या मात्रेला थांबतो आणि चौदाव्याला परत येतो. म्हणजे हाताची खाली नवव्या मात्रेवर, तर कानाला ती जाणवते एक मात्रा उशिरा. आणि तेराव्या मात्रेवर टाळी असूनही बोल कोरडा 'ता'च! घुमाऱ्याची वाट पाहणारा नवशिका तिथे हमखास चुकतो. म्हणून आधी नुसत्या आकड्यांवर टाळ्या पक्क्या करायच्या, बोल मागाहून, असा क्रम मी लावला.

राहिली सावकाश उजळणी. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तोच व्हिडिओ मोबाइलवर संथ करू." केला. माझा आवाज पेंगुळल्यासारखा झाला आणि टाळीचा टोकदार आवाज पसरट होऊन ती नेमकी कुठे पडली ते कळेना. मग संथ लयीत नव्यानेच म्हटले, मिनिटाला चाळीस मात्रा. म्हणजे एका आवर्तनाला चोवीस सेकंद. संथ लय सोपी वाटते, पण दोन मात्रांमधली पोकळी मोठी झाली की माणूस पुढे धावतो. त्यावर उपाय म्हणजे मनात 'एक-आणि, दोन-आणि' म्हणत ती पोकळी भरणे. मध्यम लयीची दोन आवर्तने बत्तीस सेकंद, संथ लयीची दोन अठ्ठेचाळीस, सुरुवातीचे दोन शब्द धरून सगळा व्हिडिओ दीड मिनिटाचा.

अशा व्हिडिओला एक मर्यादा मात्र आहेच. तो शिकणाऱ्याची टाळी ऐकत नाही. तुम्ही पुढे धावलात तरी तो बापडा रागावत नाही. म्हणून वहिनींना अट घातली: दोनदा माझ्याबरोबर, तिसऱ्यांदा मोबाइल पालथा घालून घड्याळाबरोबर.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. क्लासात बंदीश नवव्या मात्रेपासून उचलायची होती. पोरे पहिल्याच शब्दाला सम समजून टाळी देत होती. वहिनींनी मात्र हात बाजूला नेला, आठ मात्रा मोजल्या आणि समेवर टाळी दिली. बाईंनी त्यांनाच पुढे बसवून सगळ्यांना ताल धरायला सांगितले म्हणे.

"मग, सोळानंतर कुठे जायचे ते कळले का?" मी विचारले.

"कळले हो," वहिनी म्हणाल्या, "घरीच यायचे असते!"