डंपरची शीग नीट मोजा, नाहीतर खेपेमागे एक ब्रास हवेत

दोंडाईचा : उन्हाळ्यात तलाव, धरणं आटली की शेतात गाळ टाकायची घाई सुरू होते. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे अनुदान आहे. मर्यादा एकरी १५ हजार, अडीच एकरापर्यंत ३७ हजार ५००. म्हणजे सगळा हिशोब घनमीटरवर. पण वाद होतो तो डंपरच्या शिगेवरून.

आधी हौदा मोजू. टेप आतून लावायचा, बाहेरून नाही. पत्र्याची जाडी आणि पट्ट्या मापात धरायच्या नसतात. समजा आतली लांबी ४.२० मीटर, रुंदी २.२० आणि उंची १.२० भरली. तिन्हींचा गुणाकार ११.०९ घनमीटर. हे झालं काठोकाठ माप.

आता वरची शीग. ती काठापासून मध्यापर्यंत ५५ सेंटिमीटर चढली असेल, तर बरेच जण हौद्याच्या उंचीत सरळ ५५ मिळवतात. मग एकूण १६.१७ घनमीटर होतात. हिशोब चुकतो तो इथंच. शीग पेटीसारखी चौकोनी नसते, चारी बाजूंनी उतरत्या छपरासारखी असते.

तिचं माप असं काढा : हौद्याच्या लांबीची दुप्पट करा, तीत शिगेच्या माथ्यावरच्या धारेची लांबी मिळवा. त्याला रुंदीने आणि शिगेच्या उंचीने गुणा, मग ६ ने भागा. आपल्या डंपरवर धार २ मीटर धरली, तर ८.४० अधिक २ म्हणजे १०.४०. त्याला २.२० आणि ०.५५ ने गुणून ६ ने भागलं की २.१० घनमीटर येतात. शिगेला धारच नसेल, एकच टोक असेल, तर लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराचा तिसरा हिस्सा धरा.

खरी खेप झाली १३.१९ घनमीटर. चुकीच्या हिशोबात २.९८ जास्त लागले. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. भाडं घनमीटरवर ठरलं असेल, तर दर खेपेला एका ब्रासहून जास्त हवेचे पैसे जातात.

पडताळा शेतातच होतो. अशा ३० खेपा म्हणजे ३९६ घनमीटर. एकरभर सारखा पसरला, तर पोकळ गाळाचा थर १० सेंटिमीटरच्या जवळपास बसतो. चुकीच्या मापाने तो १२ यायला हवा. पसरल्या पसरल्या चार-पाच ठिकाणी पट्टी घालून बघा. पाऊस पडला की थर दबतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ओल्या गाळाची शीग रस्त्यात हादऱ्याने बसते, काही सांडतेही, म्हणून माप शेतात, फाळका उघडायच्या आधी घ्या. आणि धरणात दाबून बसलेला गाळ उकरला की फुगतो. त्यामुळे खड्ड्याचं माप डंपरच्या मापापेक्षा कमीच भरतं. पैसे कोणत्या मापावर द्यायचे, हे पहिल्या खेपेआधीच ठरवा.