दोष चिकोरीचा नाही



उरलेली फिल्टर कॉफी कडू लागते याचा दोष गेल्या अंकातील पत्रलेखकाने चिकोरीला दिला आहे. तो पटत नाही. बिनचिकोरीची कॉफीही पुन्हा उकळली की तशीच लागते. उकळताना तिचा सुगंध वाफेबरोबर उडतो, म्हणून ती मचूळ होते. शिवाय उष्णतेने क्लोरोजेनिक आम्ले फुटून क्विनिक आम्ल वाढते आणि घशाशी आंबट-कडू चव रेंगाळते.

डिकॉक्शन फिल्टरच्या खालच्या भांड्यात उतरले, की लगेच छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावे, म्हणजे आत हवा उरत नाही. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवावे, दुसऱ्या दिवशी संपवावे. गॅसवर फक्त दूध चढवावे. उकळी आल्यावर गॅस बंद करून त्यात गार डिकॉक्शन ओतावे.

– एक वाचक, माटुंगा